यूट्यूबवरचा व्हिडिओ उचलून दुसऱ्या चॅनेलवर टाकलाय: खात्री कशी करायची आणि तक्रारीचा माग कसा ठेवायचा?

शिवारवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीवर माझा 14 मिनिटं 20 सेकंदांचा व्हिडिओ आहे. काल एका बागायतदाराने दुसऱ्याच चॅनेलची लिंक पाठवली. तिथला व्हिडिओ 13 मिनिटं 28 सेकंदांचा आहे. बाग माझी, बोलणं माझं, फक्त आवाज किंचित बारीक झालाय आणि कात्री उजव्याऐवजी डाव्या हातात दिसते. सुरुवातीची माझी 12 सेकंदांची पट्टीही कापलेली आहे. चॅनेलचं नाव मुद्दाम देत नाही.

तीन गोष्टी कळत नाहीत.

मी व्हिडिओ टाकला 14 ऑक्टोबरला सकाळी. त्याच्या व्हिडिओखाली तारीख दिसते 13 ऑक्टोबर. मग पहिला कोण, असं कुणी विचारलं तर काय दाखवू?

व्हिडिओखालच्या Report मधून फसवणुकीची तक्रार केली होती. youtube.com/reporthistory वर ती अजूनही Live दाखवतेय. म्हणजे फेटाळली का?

आणि आपोआप नकला शोधणारी सोय म्हणतात ती माझ्या Studio मध्ये दिसतच नाही. चॅनेलवर अजून कमाई सुरू झालेली नाही.

---

बाभूळबन

अहो, सोपं आहे. त्या व्हिडिओवर दहा-बारा ओळखीच्यांना Report करायला सांगा. तक्रारी जास्त गेल्या की यूट्यूब स्वतःहून काढतं. आणि Live म्हणजे तक्रार फेटाळली असंच समजा.

---

संकलनमेज

बाभूळबन, Live चं तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तपासणी अजून झालेली नाही आणि तपासून नियमभंग आढळला नाही, या दोन्ही अवस्थांना त्या पानावर Live हाच एक शब्द आहे. त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. Removed किंवा Restricted आलं तरच काही कळतं.

पण खरी अडचण वेगळी आहे. ते पान आहे यूट्यूबचे नियम मोडल्याच्या तक्रारींचं, म्हणजे हिंसा, स्पॅम, फसवणूक वगैरे. कॉपीराइटची मागणी त्या रांगेत जातच नाही. "हा माझा व्हिडिओ आहे" हे मालकाने किंवा मालकाने नेमलेल्या माणसानेच सांगायचं असतं, तेही स्वतंत्र अर्ज भरून. ओळखीच्या बारा जणांनी Report केलं तरी बारा जणांपैकी एकही मालक नाही. शिवारवाट, त्या पानाकडे बघत बसू नका. अर्ज कसा करायचा ते पुढे लिहितो. आधी तारखेचं बघू, कारण घोटाळा तिथे आहे.

व्हिडिओखाली दिसणारी तारीख अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार असते. ऑक्टोबरमध्ये ती वेळ आपल्या साडेबारा तास मागे आहे. (नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांची घड्याळं मागे गेली की साडेतेरा.) म्हणजे दुपारी साडेबाराच्या आत आपल्याकडे टाकलेल्या प्रत्येक व्हिडिओवर आदल्या दिवसाची तारीख पडते. तुम्ही स्वतःच्या आठवणीतली तारीख त्याच्या पानावरच्या तारखेशी ताडून बघितलीत. तुमच्या व्हिडिओचंही पान उघडा, बहुतेक तिथेही 13 ऑक्टोबरच असेल.

नुसत्या तारखेने पहिला कोण ते ठरणार नाही, वेळ हवी. संगणकावर दोन्ही व्हिडिओंची पानं उघडा, Ctrl+U दाबा, आणि जो मजकूर उघडेल त्यात Ctrl+F ने `uploadDate` शोधा. अशी ओळ दिसेल:

```
"uploadDate":"2025-10-13T19:40:12-07:00"
```

शेवटचं -07:00 म्हणजे तिथली वेळ. भारतीय वेळेसाठी साडेबारा तास मिळवायचे. वरच्या ओळीचे होतात 14 ऑक्टोबर, सकाळी 8 वाजून 10 मिनिटं. दोन्ही पानांवरची ओळ इथे टाका.

---

शिवारवाट

बघितलं. माझ्या पानावर 13 तारखेचे 19:40 आहेत. त्याच्या पानावर 13 चेच 22:35. म्हणजे आपल्याकडे 14 ला सकाळी 11 वाजून 5 मिनिटांनी. तीन तासांच्या आत उचललाय! आणि हो, माझ्याही व्हिडिओखाली 13 ऑक्टोबरच आहे, मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

---

संकलनमेज

उत्तम. आता तोच व्हिडिओ आहे हे कागदावर कसं मांडायचं ते. "आवाज माझाच वाटतो" हे तुम्हाला पुरेसं आहे, तपासणाऱ्याला नाही.

तुमच्या आकड्यांवरूनच बघा. तुमचा व्हिडिओ 860 सेकंद. सुरुवातीचे 12 कापले, उरले 848. त्याचा आहे 808 सेकंद. 848 ला 808 ने भागलं की 1.05 येतात. म्हणजे मधलं काही कापलेलं नाही, सगळा व्हिडिओ पाच टक्के वेगाने पळवलाय. आवाज बारीक झाला तो त्यामुळेच. आणि कात्री डाव्या हातात गेली कारण चित्र आरशासारखं उलटवलंय.

आता हा अंदाज तपासायचा. स्वतःच्या व्हिडिओतल्या पुन्हा घडू न शकणाऱ्या तीन गोष्टी निवडा: खोकला, कुत्र्याचं भुंकणं, कुणी तरी मागून जाणं, शर्टावरची अक्षरं. समजा तुमच्याकडे 3:47 ला काडीवरचे डोळे मोजताना मागून ट्रॅक्टर जातो. 3:47 म्हणजे 227 सेकंद, वजा 12, भागिले 1.05, म्हणजे 205 च्या आसपास. त्याच्या व्हिडिओत तो ट्रॅक्टर 3:25 ला, उलट्या दिशेने जाताना दिसला पाहिजे. 9:02 ची एखादी खूण त्याच्याकडे 8:25 ला. सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा तीन खुणा याच हिशेबात बसल्या तर प्रश्न मिटला. पहिली बसली आणि शेवटची बसली नाही, तर मध्ये कुठे तरी कापलंय किंवा दुसरं काही जोडलंय, आणि मग "संपूर्ण व्हिडिओ" असं अर्जात लिहू नका.

वेग वाढवणं, उलटवणं, थोडं झूम करणं हे सगळं आपोआप शोधणाऱ्या यंत्रणेला चुकवण्यासाठीच करतात. ती Copyright Match Tool मुख्यतः पूर्ण किंवा जवळपास पूर्ण नकला पकडते. इतकी फिरवाफिरव केलेली नक्कल कित्येकदा सुटते. म्हणून ही सोय हाती आली तरी "Matches रिकामं आहे, म्हणजे कुणी चोरलं नाही" असं धरू नका.

---

मंजिरी_के

माझा व्हिडिओ फेसबुकच्या एका पेजवर पूर्णच्या पूर्ण टाकलाय, दोन लाखांवर लोकांनी बघितला. यूट्यूबच्या या अर्जातून तोही काढता येईल ना? मूळ तर यूट्यूबवरच आहे.

---

संकलनमेज

नाही, मंजिरीताई. नक्कल जिथे आहे तिथेच अर्ज करायचा. फेसबुकचा कॉपीराइटचा अर्ज वेगळा आहे. त्यात मूळ म्हणून यूट्यूबची लिंक द्या. अर्ज गेला की तक्रार क्रमांक असलेली मेल येते. पुढचं सगळं त्या मेलला उत्तर देऊनच करायचं, दर वेळी नवा अर्ज भरायचा नाही. नव्या अर्जाला नवा क्रमांक पडतो आणि तपासणाऱ्याला जुनी माहिती दिसत नाही.

शिवारवाट, अर्जाआधी अजून एक बघा. तुमच्या व्हिडिओच्या Details मध्ये खाली Show more केलं की License दिसतं. तिथे Standard YouTube License आहे की Creative Commons?

---

शिवारवाट

Standard आहे. Creative Commons असतं तर?

---

कायदेकट्टा

तर मामला अवघड झाला असता. ते निवडणं म्हणजे "माझं नाव द्या आणि हवं तसं वापरा" अशी परवानगी देणं. नंतर बदललं तरी आधी ज्याने त्या परवानगीवर घेतलं त्याच्याकडून ती परत घेता येत नाही. नाव दिलं नाही एवढीच तक्रार उरते. पुष्कळ जणांनी ते काही तरी चांगलं असेल म्हणून निवडलेलं असतं.

दुसरं, पार्श्वसंगीत. ते यूट्यूबच्या ध्वनिसंग्रहातून घेतलं असेल तर ते तुमचं नाही. तुमचा हक्क चित्रीकरणावर आणि निवेदनावर आहे, अर्जात तेच लिहा. आणि तुमच्या व्हिडिओतले वीस सेकंद दाखवून कुणी "ही पद्धत चुकीची आहे, कारण..." असं बोलत असेल तर तिथे हा अर्ज वापरू नका. टीका आणि परीक्षणासाठी कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये मोकळीक आहे, आणि जाणूनबुजून खोटा दावा केला तर अर्ज करणाराच अडकतो.

---

संकलनमेज

आता अर्ज. Studio मध्ये डावीकडे Content detection, तिथे New removal request. Matches चा कप्पा तुम्हाला दिसत नाही कारण ती सोय कमाई सुरू असलेल्या चॅनेलना मिळते, किंवा ज्यांचा एखादा अर्ज मंजूर झालाय त्यांना. म्हणजे हा अर्ज मंजूर झाला की तुम्हालाही ती मिळू शकते. हा पहिला अर्ज नीट भरायचं ते एक मोठं कारण आहे.

लिंक एकेका व्हिडिओची द्यायची, चॅनेलची नाही. त्याच चॅनेलवर तुमचे आणखी व्हिडिओ असतील तर एकाच अर्जात एकापाठोपाठ जोडता येतात, पण प्रत्येकासमोर मूळ कोणतं ते वेगळं सांगावं लागतं. पूर्ण व्हिडिओ की ठरावीक भाग, हे विचारतात. शेरा लिहायला जागा मिळाली तर गोष्ट सांगू नका. एवढं पुरे: "माझा मूळ व्हिडिओ, लिंक अमुक. नकलेत पहिले 12 सेकंद कापले आहेत, चित्र उलटवले आहे, वेग 1.05 पट केला आहे. मूळ 3:47 = नक्कल 3:25, मूळ 9:02 = नक्कल 8:25." चित्र उलटवल्याचं आधीच सांगितलं की तपासणारा दोन्ही शेजारी ठेवून गोंधळत नाही.

नाव कायदेशीर पूर्ण नाव हवं, चॅनेलचं चालत नाही. हे आधी माहीत असावं: कॉपीराइटधारक म्हणून जे नाव लिहाल ते काढलेल्या व्हिडिओच्या जागी सगळ्यांना दिसू शकतं, आणि संपर्काची ईमेल समोरच्याला जाते. त्यामुळे कामाची वेगळी ईमेल द्या, बँकेला जोडलेली देऊ नका.

शेवटी दोन पर्याय असतात. लगेच काढा, किंवा सात दिवसांची मुदत द्या. मुदतीत त्याने स्वतः काढला तर त्याला स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर नोंदली जाणारी कॉपीराइटची ताकीद, लागत नाही. नाही काढला तर मुदत संपल्यावर यूट्यूब काढतं आणि स्ट्राइकही बसते. खाली पुढच्या नकला रोखण्याचा चौकोन आहे, त्यावर खूण करा. तो पूर्ण नकलांना बऱ्यापैकी अडवतो, उलटवलेल्यांची खात्री नाही.

---

बाभूळबन

सात दिवस कशाला द्यायचे? चोराला मुदत?

---

कायदेकट्टा

मुदतीत गपचूप काढणारे पुष्कळ असतात, आणि काढला की विषय तिथेच संपतो. स्ट्राइक बसली की माणूस भांडायला उठतो, प्रतिदावा टाकतो, म्हणजे व्हिडिओ चुकून काढलाय, परत लावा असं यूट्यूबला लिहून देतो. माझं मत मुदतीच्या बाजूने आहे.

---

संकलनमेज

इथे मी सहमत नाही. छाटणीचा व्हिडिओ बघितला जातो तो त्याच तीन-चार आठवड्यांत. त्यातले सात दिवस गेले तर पुढे काढून उपयोग काय? वर्षभर चालणारा पाककृतीचा व्हिडिओ असता तर मुदत दिली असती. इथे लगेच.

पण अर्ज पाठवण्याआधी पुरावा गोळा करा, कारण व्हिडिओ गेला की तो गेलाच. त्याच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात लिंक, बघणाऱ्यांचा आकडा आणि संगणकाचं घड्याळ दिसू द्या. web.archive.org वर Save Page Now ने पान साठवा. आणि चॅनेलचा कायमचा आयडी उतरवा. @ ने सुरू होणारं नाव हे लोक बदलतात, UC ने सुरू होणारा 24 अक्षरांचा आयडी बदलत नाही. चॅनेलच्या माहितीत Share channel मध्ये Copy channel ID मिळतं. पुन्हा चोरी झाली तर तोच आहे हे त्यावरून कळेल.

---

शिवारवाट

त्याच चॅनेलवर माझे अजून दोन सापडले! थंबनेल बदललेत, शीर्षकही. अजून कुठे कुठे असतील ते शोधायचं कसं?

---

संकलनमेज

शीर्षकाने शोधू नका, ते सगळ्यात आधी बदलतात. वर्णन मात्र आळसाने तसंच चिकटवतात. तुमच्या वर्णनातलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गुगलवर टाका:

```
site:youtube.com "तुमच्या वर्णनातलं पूर्ण वाक्य"
```

थंबनेलसाठी हा पत्ता, VIDEO_ID च्या जागी लिंकमधली 11 अक्षरं:

```
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/hqdefault.jpg
```

ते चित्र गूगल लेन्समध्ये टाका. एकदा सरळ आणि एकदा उलटवून, कारण उलटवलेलं चित्र सरळ शोधात निसटू शकतं. यापलीकडे तुमचे प्रेक्षक हीच सगळ्यात चांगली नजर आहे, तुम्हालाही लिंक त्यांच्यातल्याच एकाने पाठवली.

---

शिवारवाट

तिन्हींचा अर्ज केला. Removal requests मध्ये तिन्ही ओळी दिसतात. एक मेल आली: दोघांचं मान्य, तिसऱ्यासाठी अधिक माहिती मागितली आहे. आता नवा अर्ज करू?

---

संकलनमेज

नाही. त्याच मेलला उत्तर द्या, विषयाची ओळ तशीच ठेवून. ते त्याच साखळीत उत्तर शोधतात. नवीन मेल किंवा नवा अर्ज केला तर आधीचं प्रकरण तुमच्या उत्तराअभावी तसंच पडून राहतं, आणि नवं पुन्हा पहिल्यापासून. मेल स्पॅममध्येही जाते, म्हणून आलेल्या मेलसाठी वेगळं लेबल लावा.

तिसऱ्याला का अडलं असेल? बहुतेक वेळा मूळ व्हिडिओची लिंक चुकलेली असते किंवा मूळ खाजगी असतो. तपासणाऱ्याला तो उघडत नाही.

---

शिवारवाट

बरोबर, तिसरा जुना होता, मी तो खाजगी केला होता. आता लिंकने बघता येईल असा केला आणि तसं उत्तर पाठवलं.

---

संकलनमेज

छान. Studio मधली यादी असली तरी स्वतःची एक साधी तक्ता-फाइल ठेवा. माझ्या मते सहा रकाने पुरतात: नकलेची लिंक, चॅनेल आयडी, मूळ लिंक, अर्ज पाठवल्याची तारीख, मेलच्या विषयातला संदर्भ क्रमांक, आणि पुढची तारीख. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सात दिवसांची मुदत दिली असेल तर त्या दिवशी तपासायचं, प्रतिदावा आला तर दहा कामाच्या दिवसांचं घड्याळ तिथे लिहायचं.

एक फरक लक्षात ठेवा. व्हिडिओ दिसेनासा झाला म्हणजे तुमचा अर्ज मान्य झाला असं नाही. त्याच्या जागी तुमच्या नावाने कॉपीराइटचा संदेश दिसत असेल तर यूट्यूबने काढला. त्या चॅनेलवाल्याने स्वतः पुसला किंवा खाजगी केला तर वेगळा संदेश येतो. खाजगी केलेला उद्या पुन्हा उघडता येतो. म्हणून "गेला" असं लिहू नका, कसा गेला ते लिहा.

---

मंजिरी_के

आणि त्याने मेल करून माफी मागितली, तक्रार मागे घ्या म्हणाला तर?

---

संकलनमेज

यूट्यूबवरचं सांगतो. मागे घेतली की स्ट्राइक जाते आणि त्याने स्वतः पुसलेला नसेल तर व्हिडिओ परत दिसू शकतो. म्हणून आधी त्याला व्हिडिओ पुसायला सांगा, लिंक उघडून खात्री करा, मगच Removal requests मधून मागे घ्या. नुसता व्हिडिओ पुसून त्याची स्ट्राइक जात नाही. एरवी ती 90 दिवसांनी संपते, आणि त्या काळात तीन झाल्या तर चॅनेलच बंद होऊ शकतं. गयावया त्यासाठीच असते.

---

शिवारवाट

भीती होती तेच झालं. पहिल्या व्हिडिओवर प्रतिदावा आलाय. "हे चित्रीकरण माझं आहे" म्हणे. उत्तर म्हणून आपल्या वकिलाची नोटीस पाठवू का?

---

कायदेकट्टा

नोटिशीने भागत नाही. तुम्हाला अमेरिकेतले दहा कामाचे दिवस आहेत, शनिवार-रविवार आणि तिथल्या सुट्ट्या सोडून. तेवढ्यात त्याच्याविरुद्ध न्यायालयात कारवाई सुरू केल्याचा पुरावा द्यावा लागतो. त्यात या व्हिडिओची लिंक आणि त्याला रोखण्याची मागणी असायला हवी. नाही दिला तर व्हिडिओ परत येऊ शकतो.

दिलासा एवढाच की आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 62 नुसार तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. त्याच्या गावी जायला नको. दाव्यासोबत मूळ फाइलचा हॅश, म्हणजे त्या फाइलवरूनच निघणारी अक्षरं-आकड्यांची ओळखखूण, द्या. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात तो मागितला जातो. विंडोजवर असा काढतात:

```
certutil -hashfile chhatni.mp4 SHA256
```

कॅमेऱ्यातली मूळ फाइल घ्या, यूट्यूबवरून उतरवलेली नको. उतरवलेली फाइल पुन्हा दाबलेली असते, तिचा हॅश मूळशी जुळणार नाही. कार्ड पुसलं नसेल तर ते तसंच बाजूला ठेवा.

---

बाभूळबन

एका व्हिडिओसाठी कोर्टात? खर्च कोण करणार? त्यापेक्षा सायबर पोलिसांत द्या. कलम 63 खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे म्हणतात.

---

कायदेकट्टा

शिक्षेचं तुमचं बरोबर आहे, फक्त ते कॉपीराइट कायद्याचं कलम 63, मी वर सांगितलं ते साक्ष्य अधिनियमाचं. पोलिसांत तक्रार जरूर देता येते. पण यूट्यूब प्रतिदाव्यावर जे मागतं ते त्या व्हिडिओला रोखणारा दावा. नुसत्या पोलीस तक्रारीच्या भरवशावर दहा दिवस घालवू नका.

---

संकलनमेज

खर्चाचा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. मात्र प्रतिदावा करणाऱ्याला स्वतःचं खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि प्रतिदाव्याची प्रत तुम्हाला येते. ती मेल जपून ठेवा. आजवर UC आयडीपलीकडे तो कोण हे माहीत नव्हतं. खोटं नाव दिलं असेल तर तेही वकिलाला दाखवा.

आणि दुसऱ्या व्हिडिओवर प्रतिदावा आलाय का? त्याचं घड्याळ वेगळं चालतं. प्रत्येकाची तारीख तक्त्यात वेगळी लिहा.

---

शिवारवाट

दुसऱ्यावर नाही आला. तिसऱ्याचं उत्तर अजून यायचंय. उद्या वकिलांना भेटतो, कॅमेऱ्याचं कार्ड आणि प्रतिदाव्याची मेल घेऊन. जिल्हा न्यायालयातला दावा यूट्यूबने अशा वेळी मान्य केल्याचा कुणाला अनुभव असेल तर इथे लिहा.